मेल गेली, प्रत कुठे राहिली?

सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याने पेढीवरच्या कॉम्प्युटरवरून कोचीच्या गिऱ्हाइकाला दरपत्रक मेल केलं. रात्री घरी आयफोनवर तेच पाहायला गेला, तर Sent मध्ये त्याचा मागमूस नाही. गिऱ्हाइकाचं उत्तर मात्र त्याच फोनवर आलेलं. म्हणजे मेल व्यवस्थित पोचली होती, तिची प्रत तेवढी सापडत नव्हती.

मेल पाठवणं आणि तिची प्रत ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पाठवण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ पासूनची. मेल घ्यायची आणि पुढे द्यायची, एवढंच तिचं काम. टपालपेटी कुठे आपल्या पत्राची नक्कल काढून ठेवते? प्रत हवी तर मेल ॲपला तीच मेल पुन्हा एकदा, आयमॅप या दुसऱ्या वाटेने, सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये चढवावी लागते. जीमेलसारख्या काही सेवा मेल पाठवतानाच स्वतः प्रत ठेवतात. स्वतःच्या डोमेनच्या साध्या होस्टिंगवर मात्र हे काम बहुधा ॲपकडेच असतं. म्हणून दर ॲपची सेटिंग वेगळी.

त्यात फोल्डरच्या नावांचा घोळ. कोणी त्याला Sent म्हणतं, कोणी Sent Items, तर कोणी Sent Messages. ‘पाठवलेल्या मेलचा फोल्डर हाच’ अशी खूण सर्व्हरने ॲपला द्यावी, असा नियम २०११ मध्ये झाला. पण सगळे सर्व्हर तो पाळत नाहीत आणि ॲपमध्ये हाताने निवडलेला फोल्डर तसाच राहतो.

शोध ब्राउझरमधून सुरू करावा. वेबमेल उघडली की सर्व्हरवर खरोखर काय आहे ते दिसतं. प्रत तिथे दुसऱ्याच नावाच्या फोल्डरमध्ये असेल, तर दोष फोनच्या निवडीत. कुठेच नसेल, तर ती पाठवणाऱ्या यंत्रावरच अडकली आहे. या व्यापाऱ्याचं तसंच झालं होतं. थंडरबर्डच्या Copies & Folders या पानावर प्रतीची जागा म्हणून Local Folders निवडलेलं होतं, म्हणजे फक्त त्या कॉम्प्युटरची डिस्क. ती बिघडली असती तर सगळ्या प्रती गेल्या असत्या! तिथे खात्याचा Sent निवडला. आयफोनवर खात्याच्या Advanced मधल्या Mailbox Behaviors इथेही सर्व्हरवरचा तोच फोल्डर लावला.

सेटिंग बदलल्याने जुन्या प्रती आपोआप हलत नाहीत. त्या थंडरबर्डमध्ये Local Folders मधून ओढून खात्याच्या Sent मध्ये टाकाव्या लागतात, मग त्या सर्व्हरवर चढतात. एका वेळी थोड्याच घ्याव्यात, आणि सर्व्हरवर जागा आहे ना तेही आधी पाहावं.

खातं जुन्या पॉप पद्धतीने जोडलं असेल, तर मात्र हा उपाय चालत नाही. पॉप फक्त आलेल्या मेल उतरवून घेते, सर्व्हरवर काही चढवण्याची सोयच तिच्यात नाही. तिथे खातं आयमॅपने नव्याने जोडावं लागतं.