पहिल्या धुण्यानंतरची फिटिंग

तालुक्याच्या गावातल्या एका शिंपीणताईची ही गोष्ट. काल्पनिक आहे, पण ब्लाऊज शिवून घेणाऱ्या बऱ्याच जणींना ओळखीची वाटेल. दुकानाची पाटी ‘परफेक्ट फिटिंग’. ताईंचं माप चोख, हात सफाईदार. गिऱ्हाईक आरशासमोर हात वर-खाली करून बघायचं आणि खुशीत पैसे देऊन जायचं. पाटीवरचा शब्द आपण पाळतो, याबद्दल ताईंना शंका नव्हती.

दिवाळीनंतर शाळेतल्या बाई ब्लाऊज घेऊन आल्या. “ताई, एकदाच धुतला. आता हुक लागत नाहीत.”

“वजन वाढलं असेल, बाई.”

बाईंनी पिशवीतून त्याच मापाचा जुना ब्लाऊज काढला. तो अजून नीट बसत होता.

ताईंनी नवा ब्लाऊज उलटा केला. काखेपासून कमरेपर्यंत शिलाईला बारीक चुण्या पडल्या होत्या. वरचं पॉलिएस्टरचं कापड फुगलेलं, आतलं सुती अस्तर ताणलेलं. चूक मापात नव्हती, अस्तरात होती.

सुती कापड विणताना आणि तयार करताना धागे ताणले जातात, वर खळही असते. पहिल्यांदा पाणी लागलं की ताण सुटतो आणि कापड आटतं. पॉलिएस्टर फारसं आटत नाही, म्हणून दोन्हींची ओढाताण होते. बाईंची छाती 36 इंच, ब्लाऊज शिवलेला 37. अस्तर शंभराला चार आटलं, तर घेरातून जवळजवळ दीड इंच जातो. उरतं साडेपस्तीस. हुक कसे लागणार?

नशिबानं आत इंचभर माया होती. दोन्ही बाजूंची शिलाई उसवून चारही कडा तीन-तीन सूत सोडल्यावर घेर परत मिळाला. उंची मात्र आटली ती आटलीच. ती बाजूच्या मायेतून मिळत नाही. रेशमी कापड असतं तर जुन्या टाक्यांची भोकंही दिसली असती.

त्या दिवशी ताईंना पाटी गिऱ्हाइकाच्या नजरेनं वाचता आली. ताईंच्या लेखी फिटिंग ट्रायलच्या आरशात संपत होती. बाईंनी पैसे दिले होते ते ब्लाऊज वापरात असेपर्यंत बसावा म्हणून. माझ्या मते बाईंचंच म्हणणं खरं.

आता ताई अस्तराचा 10 इंच लांब-रुंद तुकडा कापतात, भिजवतात, सावलीत वाळवून इस्त्री करतात आणि पुन्हा मोजतात. साडेनऊ भरला, तर तो ताका शंभराला पाच आटणारा. न आटणारं सुती अस्तर क्वचितच मिळतं, म्हणून सगळंच रात्रभर भिजवून, वाळवून मगच बेततात. यात एक दिवस जास्त जातो आणि तो त्या आधीच सांगतात.

तुम्ही पुढचा ब्लाऊज टाकाल तेव्हा शिलाईचा दर विचारण्याआधी अस्तर भिजवलेलं आहे का, ते विचारा. नसेल तर घरी भिजवून, वाळवून द्या आणि आत इंचभर माया सोडायला सांगा.