पैसे घेण्यासाठी ‘पिन’ लागत नाही

जाहिरात पाहून ऑनलाइन संपर्क साधणारा ग्राहक माल न पाहता, भावात घासाघीस न करता आगाऊ रक्कम देऊ लागला, तर दुकानदारांनी सावध होणे आवश्यक आहे. समजा, १२ हजार रुपयांच्या कपाटासाठी असा दूरध्वनी आला. ग्राहक मोबाइलवर क्यूआर कोड धाडतो आणि ‘खात्रीसाठी आधी पाच रुपये घ्या, कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगतो. वस्तुतः ते पाच रुपये दुकानदाराच्याच खात्यातून जातात. मात्र, ग्राहक लगेच दहा रुपये पाठवून विश्वास संपादन करतो. पुढचा कोड १२ हजारांचा असतो आणि पिन टाकताच तेवढी रक्कम खात्यातून वजा होते.

यूपीआयद्वारे पैसे स्वीकारताना कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. स्कॅन केल्यावर पडद्यावर ‘Pay’ हा शब्द दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. रक्कम जमा झाल्याचा ग्राहकाने पाठविलेला संदेश अथवा छायाचित्र ग्राह्य न धरता, स्वतःच्या खात्यातील नोंद पाहूनच माल द्यावा. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम काढून घेतली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती गोठविली जाण्याची शक्यता असते.