मुलाखत मराठीत घ्याल का?

बार्शीजवळच्या गावातली बी.कॉम. झालेली मुलगी. महिला बचतगटांना छोटी कर्जं देणाऱ्या एका कंपनीत फील्ड ऑफिसरच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता. भरदुपारी फोन आला आणि पलीकडून थेट इंग्रजीत प्रश्न सुरू झाले. स्वतःची ओळख सांगणारी चार वाक्यं पाठ होती, ती तिने म्हटली. मग प्रश्न आला, कर्जदार बाई हप्ता द्यायला नाही म्हणाली तर काय कराल? "आय विल कन्व्हिन्स हर," ती म्हणाली आणि तिथेच अडली. फोन बंद झाला, पुन्हा आला नाही.

ती आमच्या नात्यातली. संध्याकाळी मी तिला तोच प्रश्न मराठीत विचारला. ती म्हणाली, "काका, आधी बघणार, एकटीचाच थकलाय का गटातल्या सगळ्याजणींचा. एकटीचा असेल तर घरात काहीतरी झालेलं असतंय, आजारपण नाहीतर मालकाचं काम सुटलेलं. सगळ्यांचा असेल तर भांडण, नाहीतर दुसऱ्या कंपनीचं कर्ज डोक्यावर. चारचौघींत बोलायचं नाही, बाजूला घेऊन विचारायचं. आणि फोन सहाच्या आत." हे तिला कुठून माहीत? आई दहा वर्षं गटात आहे म्हणून. सहाचं बंधन रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांतून आलं: अशा कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कर्जदाराला फोन करायचा नाही. त्याच निर्देशांतून आणखी एक अट आली. कर्जाचा करार आणि कर्जकार्डावरच्या नोंदी कर्जदाराला समजेल अशा भाषेत हव्यात. म्हणजे कागद मराठीत, बैठक मराठीत आणि तो कागद समजावून सांगणारीची निवड मात्र इंग्रजीत.

यात कंपनीचा काही कावा असतो असं मला वाटत नाही. पहिला फोन बहुतेक वेळा भरतीचं काम घेतलेल्या एजन्सीतून येतो. समोरचा माणूस दुसऱ्या राज्यातला असू शकतो, त्याच्यापुढे प्रश्नांचा कागद इंग्रजीत असतो आणि दिवसाला बरेच फोन उरकायचे असतात. भाषा बदलून मागितली तर तो देईलही, पण आपणहून विचारणार नाही. दुसरी फेरी शाखा व्यवस्थापक किंवा एरिया मॅनेजर घेतो. तो बहुधा याच पट्ट्यात फिरलेला असतो आणि त्याला मराठीच सोयीची असते. पगाराचं बोलणं शेवटी होतं. त्यामुळे सगळी मुलाखत मराठीत होईल का असं विचारण्यापेक्षा कोणती फेरी कोण घेणार हे आधी विचारावं. खरी अडचण बऱ्याचदा पहिल्या फेरीपुरतीच असते.

विचारायचं कधी, तर वेळ ठरतानाच. मुलाखत सुरू झाल्यावर, इंग्रजीत दोनदा अडखळून मग "मराठीत बोलू का?" म्हटलं की ती माघार वाटते. हेच आदल्या दिवशी म्हटलं की ती सोय ठरते. असा अचानक फोन आला तरी "मी आत्ता बाहेर आहे, पाचनंतर बोलता येईल का?" म्हणायला हरकत नसते, आणि त्याच वाक्याला जोडून भाषेचंही विचारता येतं.

दुसऱ्या कंपनीत अर्ज केला तेव्हा आम्ही दोघांनी बसून निरोप लिहिला. तिचा पहिला खर्डा असा होता: "माझं इंग्रजी कच्चं आहे, कृपया समजून घ्यावं." तो खोडला. पाठवला तो असा: "सर, गुरुवारी ११ वाजता मी हजर राहीन. हे काम गावातल्या महिलांशी मराठीत बोलण्याचं आहे, म्हणून मुलाखत मराठीत देता आली तर माझं काम मी नीट दाखवू शकेन. मराठी शक्य नसेल तर हिंदी चालेल. इंग्रजी फॉर्म वाचणं, ॲपमध्ये माहिती भरणं आणि छोटी ईमेल लिहिणं मला जमतं." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण घेणाऱ्याच्या मनातली शंका तीच असते: टॅबवरचा फॉर्म हिला भरता येईल का? अर्थात ते वाक्य खरं असलं पाहिजे. आम्ही आधी एक इंग्रजी फॉर्म भरून पाहिला. 'गॅरेंटर' आणि 'नॉमिनी' यांत तिचा घोटाळा झाला. तो त्याच दिवशी सुटला हे बरं झालं.

हिंदीबद्दल जरा सावध राहावं. आपल्याला हिंदी येते असं आपण सगळेच समजतो, पण ती बाजारातली आणि सिनेमातली. तिने सरावाला "मेरेको ये काम आता है"पासूनच सुरुवात केली. बैठक हुआ की हुई, यावर दोनदा गाडी अडली. समोरचा यासाठी गुण कापेल असं नाही, पण बोलणारी मनातल्या मनात व्याकरण तपासत बसते आणि मुद्दा निसटतो. तेव्हा हिंदीचा पर्याय द्यायचा असेल तर स्वतःच्या कामाबद्दल दहा मिनिटं हिंदीत मोठ्याने बोलून पाहावं. आणि मराठी मिळाली तरी 'केवायसी', 'ओव्हरड्यू', 'सेंटर मीटिंग' हे शब्द तसेच ठेवावेत. शाखेत तेच बोलतात. तिथे 'थकबाकीदार सदस्या' म्हणणारी मुलगी पुस्तकी वाटते.

नकारही येतो. खासगी कंपनीने मुलाखत मराठीत घ्यावी असं बंधन नाही आणि कधी नकाराला कारणही असतं. रोजचा अहवाल इंग्रजीत मुख्य कार्यालयाला जाणार असेल तर ते इंग्रजी तपासणारच. अशा वेळी विचारावं की इंग्रजी नेमकी कशासाठी लागेल, लिहायला की बोलायला? उत्तर स्पष्ट मिळालं तर गरज खरी आहे. "ऑल राउंड्स इन इंग्लिश" एवढंच पुन्हा पुन्हा ऐकू आलं तर ती निव्वळ सवय आहे. होकारही पारखून घ्यावा. भाषा बदलल्यावर प्रश्न खोलात जाऊ लागले तर ठीक. तीन-चार मिनिटांत "कळवतो" झालं तर भाषा बदलली तेव्हाच फुली पडली असं समजायचं.

सरकारी पातळीवर हा संकोच केव्हाच मोडला आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मराठीतून मुलाखत देता येते; माध्यम आधीच अर्जात भरायचं असतं आणि गरज पडली तर दुभाषा बसतो. स्टेट बँकेच्या लिपिक भरतीत तर स्थानिक भाषेचीच चाचणी असते आणि दहावी किंवा बारावीला ती भाषा शिकल्याचं प्रमाणपत्र असेल तर तीही माफ होते. जिल्हाधिकारी होणारा मराठीत मुलाखत देऊ शकतो. गावात हप्ता गोळा करणारीने मात्र ते विचारायला लाजायचं, हे उलटं आहे.

गुरुवारच्या मुलाखतीत एरिया मॅनेजर लातूरचे निघाले. पहिली दोन मिनिटं इंग्रजी, मग चाळीस मिनिटं मराठी, शेवटी टॅबवर एक फॉर्म भरून दाखवायला सांगितला. हप्त्याचा प्रश्न आलाच. नोकरी लागली, पण बार्शीत नाही, साठ किलोमीटर लांबच्या शाखेत. तिथे खोली कुठे घ्यायची, घरच्यांना कसं पटवायचं, हे सगळं अजून चाललंय.