चक्राकार बफरमधला रिकामा कप्पा

चक्राकार बफर म्हणजे ठरावीक लांबीच्या अ‍ॅरेवर चालवलेली रांग. आधी आलेली माहिती आधी बाहेर पडते, पण त्यासाठी मागची माहिती पुढे सरकवावी लागत नाही. सरकतात ते फक्त दोन निर्देशांक. नवी माहिती कुठे लिहायची ते हेड सांगतो आणि पुढची कुठून वाचायची ते टेल. शेवटच्या कप्प्यानंतर दोघेही पुन्हा शून्याकडे वळतात. (काही पाठ्यपुस्तकांत ही नावे नेमकी उलट असतात. इथे आर्डुइनोच्या सीरियल लायब्ररीतली पद्धत घेतली आहे.)

ही रचना सोपी वाटते, पण तिच्यात एक पेच आहे. सुरुवातीला हेड आणि टेल दोन्ही शून्यावर असतात, म्हणजे ते समान असले की रांग रिकामी. आता काहीही न वाचता सगळे कप्पे भरत गेले, तर हेड पूर्ण फेरी मारून पुन्हा टेलपाशीच येतो. म्हणजे ते समान असले की रांग भरलेली! दोन अगदी विरुद्ध अवस्थांची खूण एकच ठरते आणि नुसत्या निर्देशांकांवरून त्या ओळखता येत नाहीत.

यावर सर्वांत रुळलेला उपाय म्हणजे एक कप्पा कायम मोकळा ठेवणे. एक पाऊल पुढे टाकल्यावर हेड टेलवर येणार असेल, तर रांग भरली असे मानायचे आणि लिहायचे नाही.

```c
next = (head + 1) % N;
if (next != tail) {
    buf[head] = c;
    head = next;
}
```

पाच कप्प्यांची रांग घेऊ. क, ख, ग ही अक्षरे आली की हेड 3 वर जातो. क आणि ख वाचले की टेल 2 वर येतो. मग घ कप्पा 3 मध्ये आणि च कप्पा 4 मध्ये बसतो, हेड वळून 0 वर येतो. छ कप्पा 0 मध्ये जातो आणि हेड 1 होतो. आता ज आला. हेडची पुढची जागा 2, आणि टेलही 2 वरच, म्हणून ज नाकारला जातो. कप्पा 1 मोकळा असूनही तो वापरायचा नाही. वापरला असता तर हेड आणि टेल समान झाले असते, आणि वाचणाऱ्याला पाच अक्षरांची भरलेली रांग रिकामी दिसली असती. एक अक्षर वाचवायला जाऊन पाचही हातची गेली असती. रांगेत किती अक्षरे आहेत ते `(N + head - tail) % N` या सूत्राने कळते. इथे (5 + 1 − 2) भागिले 5 ची बाकी 4. सूत्रात N मिळवला नाही तर 1 − 2 ही वजाबाकी ऋण होते, आणि सी भाषेत ऋण संख्येची बाकीही ऋण येऊ शकते.

एक कप्पा वाया घालवण्यापेक्षा अक्षरांची संख्या वेगळ्या चलात ठेवली तर? साध्या प्रोग्रॅममध्ये ते उत्तम चालते. अडचण येते ती लिहिणारा आणि वाचणारा स्वतंत्रपणे चालत असतील तेव्हा. आर्डुइनो उनोमध्ये सीरियल पोर्टवर बाइट आला की इंटरप्ट मुख्य प्रोग्रॅम मध्येच थांबवतो आणि बाइट बफरमध्ये टाकतो. मुख्य प्रोग्रॅमने संख्या 7 वाचली, ती एकने कमी करून 6 लिहिणार तेवढ्यात इंटरप्ट आला आणि त्याने 8 केली, तर परतल्यावर मुख्य प्रोग्रॅम तिच्यावर 6 लिहून टाकतो. नोंद कायमची चुकते. मोकळ्या कप्प्याच्या पद्धतीत हेड फक्त इंटरप्ट बदलतो आणि टेल फक्त मुख्य प्रोग्रॅम. एकाच चलावर दोघांचा हात पडत नाही, हे तिचे खरे बळ आहे. मात्र क्रम पाळायला हवा: आधी बाइट लिहायचा, मगच हेड पुढे न्यायचा. उलटे केले तर वाचणाऱ्याच्या हाती त्या कप्प्यातली जुनी माहिती पडू शकते.

सगळे कप्पे वापरायचेच असतील तर लिनक्स कर्नेलच्या kfifo मधली युक्ती आहे. तिथे दोन्ही मोजण्या न वळवता वाढतच राहतात आणि कप्पा शोधतानाच बाकी काढली जाते. मोजण्यांतला फरक 0 असेल तर रांग रिकामी, लांबीइतका असेल तर भरलेली. त्यासाठी बफरची लांबी 2 चा घात असावी लागते, म्हणजे मोजणी आपल्या कमाल मर्यादेवरून शून्यावर आली तरी हिशेब बिघडत नाही.

उनोचा येणाऱ्या माहितीचा बफर 64 बाइटांचा आहे, म्हणजे वापरात 63. सेकंदाला 9600 बिट या वेगाने, प्रत्येक बाइटला 10 बिट धरून, 960 बाइट येतात. प्रोग्रॅम 100 मिलिसेकंद दुसऱ्या कामात अडकला तर त्या वेळात सुमारे 96 बाइट येतात. पहिले 63 टिकतात, उरलेले 33 कसलीही सूचना न देता टाकले जातात. त्यामुळे संदेशाची सुरुवात नीट येते आणि मधूनच तो तुटतो, तेही प्रोग्रॅम कामात असतानाच. हीच या बिघाडाची ओळख. अशा वेळी बफर 128 चा केला तर 100 मिलिसेकंदांचा खोळंबा निभावतो. पण वाचण्याचा सरासरी वेगच येण्याच्या वेगापेक्षा कमी असेल, तर मोठा बफरही थोड्या वेळाने भरतो आणि बाइट पुन्हा गळू लागतात.