नाटकातला प्रवेश पडद्यावर नेताना काय बदलतं?

समजा, नाटकात वडील बँकेची नोटीस वाचून मुलीला म्हणतात, "तीस दिवसांत पैसे भरले नाहीत तर घर जाईल. आईला कसं सांगायचं?" रंगमंचावर हे बोलावंच लागतं, कारण शेवटच्या रांगेतून नोटीस वाचता येत नाही.

कॅमेऱ्याला ती वाचता येते. म्हणून पटकथेत आधी नोटिशीचा क्लोज-अप येतो आणि संवाद उरतो इतकाच: "आईला सांगू नकोस."

नाटकात चेहरा दिसावा म्हणून वडील प्रेक्षकांकडे वळून बोलतात. पडद्यावर दोघं समोरासमोर बसू शकतात, कॅमेरा आळीपाळीने दोघांकडे वळतो. दिवाणखान्याऐवजी प्रसंग आईच्या खोलीशेजारच्या स्वयंपाकघरात नेला, तर कुजबुजही चालते. नाटकात कुजबुजसुद्धा मोठ्याने करावी लागते.

मात्र क्लोज-अप आजूबाजूचं सगळं लपवतो. नाटकात आई मागे दारात आली की ती प्रेक्षकाला लगेच दिसते. पडद्यावर ती कधी दिसणार, हे पटकथेत लिहावं लागतं: आधी मुलीची दाराकडे वळलेली नजर, मग दारातली आई. हा क्रम राहून गेला, तर आई अचानक कुठून उगवली, असं वाटतं.