जमाखर्च जुळवणारा क्षार

तीन चंचुपात्रांत तीन क्षारांची ०.१ मोलर द्रावणे घेतली आणि सामू मोजला, तर सोडियम ॲसिटेटचा भरतो ८.९ च्या आसपास, म्हणजे आम्लारीकडे झुकलेला. अमोनियम क्लोराईडचा ५.१, म्हणजे आम्लाकडे. अमोनियम ॲसिटेटचा मात्र जवळजवळ ७. शुद्ध पाण्याइतका उदासीन.

मग या तिसऱ्या पात्रात काहीच घडत नाही का? उलट, सगळ्यात जास्त उलाढाल तिथेच चालते.

ॲसिटेट आयन पाण्याकडून एक प्रोटॉन घेतो, त्याचे ॲसेटिक आम्ल होते आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो. सोडियम ॲसिटेटमध्ये हा हायड्रॉक्साइड साचत जातो आणि पुढची अभिक्रिया अडवतो. त्यामुळे एक लाख ॲसिटेट आयनांपैकी जेमतेम सात-आठ बदलतात. अमोनियम ॲसिटेटमध्ये अमोनियम आयन पाण्याला प्रोटॉन देतच असतो. तो प्रोटॉन आणि हा हायड्रॉक्साइड एकत्र येऊन पुन्हा पाणी होते. अडवणारेच निघून गेले, की वाट मोकळी होते, आणि लाखामागे साडेपाचशेच्या आसपास आयन बदलतात. म्हणजे जलापघटन सुमारे सत्तर पटींनी वाढले, तरी सामू ७ वरच राहिला!

कारण दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच दुबळ्या आहेत. ॲसेटिक आम्लाचा विचरण स्थिरांक सुमारे १.८ × १०⁻⁵, आणि अमोनियाचाही तितकाच. त्यामुळे जितके प्रोटॉन अमोनियम सोडतो, तितकेच ॲसिटेट उचलतो. या जमाखर्चात शिल्लक उरत नाही. द्रावण थोडे पातळ केले, तरी दोन्ही बाजू सारख्याच बदलतात, म्हणून सामू फारसा हलत नाही.

पण हा सर्व दुर्बल आम्ल-आम्लारींच्या क्षारांचा नियम नव्हे. ॲसिटेटच्या जागी फॉर्मेट आणा. फॉर्मिक आम्ल ॲसेटिकपेक्षा जोरकस असल्याने सामू ६.५ वर उतरतो. सायनाइड आणले तर तो ९ च्या वर जातो, कारण हायड्रोसायनिक आम्ल फारच दुबळे. अमोनियम ॲसिटेटची उदासीनता हा दोन आकड्यांचा योगायोग आहे.

आणि उदासीन म्हणजे सामू राखणारे, असेही नाही. चांगली राखण करण्याची या द्रावणाची ताकद ४.८ आणि ९.२ च्या आसपास असते, ७ वर ती अगदी कमी. एक लिटर ०.१ मोलर द्रावणात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल पडले, की सामू ५.७ वर येतो. बाटली उघडी राहिली तरी अमोनिया आधी उडून जातो, आम्ल मागे राहते आणि व्हिनेगरचा वास येऊ लागतो. तेव्हा जुनी बाटली वापरताना लेबलवर भरवसा ठेवू नका, सामू मोजून घ्या.