आधी छेद ठरवा

सकाळी ९.३०
Jira उघडून पहिली क्वेरी रीओपन रेटची:

```
type = Bug AND status CHANGED FROM "Done" TO "Reopened"
```

यातून परत उघडलेली तिकिटं मिळतात. कोणतं कधी बंद झालं आणि कितव्या दिवशी उघडलं, हे मोजायला मात्र प्रत्येकाचा चेंजलॉग लागतो, म्हणून तो एपीआयने उतरवून घेते. तिकीट तीनदा उघडलं तरी अंशात एकदाच धरते. ‘ड्युप्लिकेट’ म्हणून बंद केलेली तिकिटं छेदातून काढते. त्यांत दुरुस्तीच झालेली नसते, त्यामुळे ती ठेवली तर रेट उगाच कमी दिसतो.

११.००
आज १ ऑगस्ट. जूनमध्ये १२० बग बंद झाले, १८ परत उघडले. म्हणजे १५ टक्के. जुलैत १२० पैकी ६, म्हणजे ५ टक्के. सुधारणा डोळ्यांत भरते, पण तारखा लावून पाहिल्यावर जुलैतले ७० बग शेवटच्या तेरा दिवसांत बंद झालेले निघाले. त्यांतल्या बऱ्याच बगांचं रीटेस्टिंगच बाकी आहे. मग ते उघडणार कधी?

म्हणून बंद झाल्यावर प्रत्येक बगला चौदा दिवस द्यायचे आणि ज्याचे चौदा दिवस भरले नाहीत, त्याला अंशात आणि छेदात दोन्हीकडे धरायचं नाही, असा नियम केला. जूनचे १८ या मुदतीतच उघडलेले होते. जुलैतले मुदत भरलेले ५० आणि उघडलेले सहाही त्यांतलेच. खरा रेट १२ टक्के.

दुपारी २.००
आता डिफेक्ट डेन्सिटी, म्हणजे दर हजार ओळींमागे डिफेक्ट. पेमेंट मॉड्यूलमध्ये ४,००० ओळी, १२ डिफेक्ट: ३. रिपोर्टमध्ये ४०,००० ओळी, ४० डिफेक्ट: १. पण `cloc` फोल्डरवार चालवल्यावर दिसलं की रिपोर्टमधल्या ३०,००० ओळी टूलने तयार केलेल्या आहेत आणि चाळीसही डिफेक्ट हाताने लिहिलेल्या १०,००० ओळींतले आहेत. डेन्सिटी ४ झाली आणि क्रम उलटला. शेजारी टेस्टिंगचे तासही दाखवते, कारण ज्या मॉड्यूलला कुणी हात लावला नाही, तिथेही डेन्सिटी कमीच येते.

४.३०
रिव्ह्यूमध्ये टीम लीड म्हणाले, “अगं, रीओपनला ५ टक्क्यांचं टार्गेट लावून टाकू.”

“लावलं तर जुनं तिकीट उघडायचं सोडून लोक नवीन टाकतील, सर. रेट उतरेल, बग तिथेच राहील.”

टार्गेट मागे पडलं. बंद तिकिटाला लिंक केलेल्या नव्या बगांची संख्या रेटच्या खाली द्यायचं ठरलं. लिंक न करता टाकलेले बग मात्र यातूनही निसटतील. ते महिन्यातून एकदा हाताने तपासायचे.

६.००
डॅशबोर्ड चालू केला. जुलैसमोर आता “१२% (५० पैकी ६), मुदत बाकी ७०” असं दिसतं. पुढच्या दोन आठवड्यांत ते ७० छेदात येतील आणि जूनशी तुलना तेव्हाच करायची.